आजीचा पापा आणि नातवाच्या ओठाखालची खपली

समजा, हुबळीच्या देशपांडे नगरातलं एक मराठी घर आहे. पावसाळा सुरू झालेला. आजीला ताप येऊन गेला आणि ओठाच्या कडेवर फोड उठले. आठवड्याभरात चार वर्षांच्या नातवाच्या नाकाखाली आणि ओठाभोवती पिवळ्या खपल्या धरल्या. घरातल्यांनी निकाल लावून टाकला: आजीनं पापा घेतला, त्यातून लागलं. मग आजीचीच अॅसायक्लोव्हिरची ट्यूब पोराला चार दिवस लावली, आणि खपल्या गालापर्यंत गेल्या.

निकाल चुकला होता. आजीच्या फोडांना आपण 'ताप ओठावर फुटला' म्हणतो, पण ताप हे फक्त निमित्त. हर्पीसचा विषाणू बहुधा लहानपणीच शिरतो आणि चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी झोपून राहतो. ताप, ऊन किंवा दगदग झाली की तो जागा होतो. त्याची खूण अशी: फोड दिसण्याआधी एखादा दिवस ओठ चुरचुरतो, मग पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचा झुबका येतो, तोही दर वेळी साधारण त्याच जागी. सात ते दहा दिवसांत तो आपोआप सुकतो.

नातवाचं दुखणं मात्र जिवाणूंचं, नाव इम्पेटिगो. सर्दीनं नाक वाहत होतं, पुसून पुसून कातडी सोलवटली आणि तिथून स्टॅफिलोकोकस किंवा स्ट्रेप्टोकोकस आत शिरले. इथले फोड इतके नाजूक असतात की ते कुणाला दिसायच्या आतच फुटतात. त्यातून पाझरलेली लस वाळते आणि मधाच्या रंगाची, चिकटवल्यासारखी खपली बनते. अॅसायक्लोव्हिर विषाणूंवर चालतं, जिवाणूंवर नाही. म्हणून ती ट्यूब वाया गेली.

अर्थात रंगावरच विसंबू नये. हर्पीसची खपलीही पिवळसर दिसू शकते, आणि त्यावर जिवाणू चढले तर डॉक्टरही कधी कधी नमुना तपासायला पाठवतात. सुरुवात कशी झाली, हे त्यांना नीट सांगा.

'उष्णता बाहेर पडतेय, खपलीला हात लावू नका' हा सल्लाही चुकीचा. कोमट साबणाच्या पाण्यानं खपली भिजवून हलकेच काढली, तरच मलम खाली पोचतं. डाग थोडे असतील तर डॉक्टर बहुधा म्युपिरोसिन देतात, दिवसातून तीनदा, पाच दिवस. पसरले असतील तर पोटातून औषध. पोराचा टॉवेल वेगळा ठेवा, नखं कापा. औषध सुरू होऊन चोवीस तास झाले की शाळेत पाठवायला साधारणपणे हरकत नसते.

आणि दुकानातून चिठ्ठीविना आणलेली, 'सगळ्यावर चालणारी' स्टिरॉइडमिश्रित क्रीम? तिनं लाली दबते, जंतू मोकाट राहतात.

पापा मात्र आजीनं फोड सुकेपर्यंत घेऊ नये. तान्ह्या बाळाला हा विषाणू जिवावर बेतू शकतो. नातवाच्या खपल्या गेल्यावर पुढचे सहा आठवडे एवढंच पाहा: सकाळी चेहरा सुजलेला दिसला किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मूत्रपिंडाला सूज आलेली असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.