छाती हलतेय, मग गेला कसा?

साखरशेतकडचा एखादा तरुण घाटात मोटारसायकलवरून पडला, डोक्याला मार लागला, की त्याचा मार्ग ठरलेला असतो. आधी जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय, आणि तिथून ‘नाशिकला हलवा’. मोखाड्यावरून, त्र्यंबकवरून गाडी नाशिकला पोचते, रुग्ण अतिदक्षता विभागात जातो. दोन दिवसांनी डॉक्टर नातेवाइकांना बोलावून सांगतात, ‘मेंदू मृत झाला आहे.’ काचेपलीकडे मात्र त्याची छाती वरखाली होत असते, अंग ऊबदार असते. बापाला प्रश्न पडणारच: मग हा गेला कसा?

छाती हलवते आहे ते व्हेंटिलेटर. श्वास घेण्याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातून सुटतो. तो भाग मेला, की श्वास कायमचा थांबतो. हृदयाची लय मात्र त्याच्या स्वतःच्याच पेशी राखतात, त्यामुळे यंत्राने प्राणवायू दिला तर ते आणखी काही तास, कधी काही दिवस चालते. नंतर तेही थांबते. कोमातला माणूस वेगळा, त्याचा मस्तिष्कस्तंभ जिवंत असतो आणि तो शुद्धीवर येऊ शकतो.

अशा मेंदूमृत माणसाचे अवयव दान करता येतात. मग डॉक्टर त्या अवयवांसाठी घाई करणार नाहीत कशावरून? ही शंका रास्त आहे. १९९४चा अवयव प्रत्यारोपण कायदा ती गृहीत धरूनच बांधलेला आहे. एकट्या डॉक्टरचे निदान चालत नाही, चार डॉक्टरांची समिती लागते आणि प्रत्यारोपण करणाऱ्यांना तिच्यात जागा नाही. बाहुलीवर उजेड टाकतात, बुबुळाला कापूस लावतात, कानात थंड पाणी सोडतात, घशात नळी घालून खोकला येतो का पाहतात. शेवटी प्राणवायू चालू ठेवून व्हेंटिलेटर काढतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. मस्तिष्कस्तंभात थोडी जरी धुगधुगी असेल, तर श्वासाची धडपड दिसते. किमान सहा तासांनी हे सगळे पुन्हा करतात.

या चाचण्यांआधीची एक अट जव्हार-मोखाड्याच्या लोकांनी मुद्दाम माहीत करून घ्यावी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश फारसा दुखतही नाही. सकाळी पापण्या उतरतात, मग हातपाय लुळे पडतात, श्वास थांबतो. बाहुलीसुद्धा उजेडाला दाद देईनाशी होते. वरवर पाहता हा माणूस मेंदूमृतच वाटेल, पण मेंदू शाबूत असतो. विषाने फक्त नसा आणि स्नायूंमधला निरोप अडवलेला असतो. व्हेंटिलेटरवर तग धरला, तर काही दिवसांत तो डोळे उघडतो. म्हणून सर्पदंश, विषबाधा, गुंगीची औषधे, अंग अतिशय थंड पडणे, यांपैकी काहीही असेल तर या चाचण्यांवरून मृत्यू जाहीर करता येत नाही. रुग्ण जमिनीवर झोपला होता का, शेतात फवारणी केली होती का, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना आपणहून सांगावे.

निदान पक्के झाल्यावर घरच्यांना अवयवदानाबद्दल विचारतात. ‘नाही’ म्हटले तर विषय तिथेच संपतो. ‘हो’ म्हटले तर अवयवांसाठी लागणारा पुढचा खर्च घरच्यांवर पडत नाही. त्यांना पैसे मिळत नाहीत, तसा व्यवहार करणे गुन्हा आहे. अपघात असेल तर पोलीस आणि शवविच्छेदनाचे सोपस्कारही होतात. देह शिवून, नीट करून परत देतात, अंत्यविधी आपल्या रीतीने होतात.

घरी मृत्यू आला तर? तेव्हा मूत्रपिंड किंवा यकृत देता येत नाही, कारण रक्त थांबले की ते लगेच बिघडू लागतात. डोळ्यांचे बुबुळ मात्र टिकते. त्यात रक्तवाहिन्याच नसतात, प्राणवायू ते थेट हवेतून घेते. म्हणून नेत्रदान साखरशेतमधल्या घरातूनही होऊ शकते, पण सहा तासांच्या आत. पथकाला घाट चढून यायला त्यातलेच दोन-तीन तास जातात, तेव्हा फोन पहिल्या तासातच जायला हवा. तोवर पापण्या मिटाव्यात, वर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. काम अर्ध्या तासाच्या आत होते आणि चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह, म्हातारपण यांची अडचण नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज असल्यास डोळे घेत नाहीत.

इच्छा नोंदवायची तर आधार क्रमांकाने notto.abdm.gov.in वर नोंदवता येते, माहितीसाठी १८००११४७७० हा मोफत क्रमांक आहे. नोंद केलेली असली तरी ऐनवेळी संमती घरच्यांचीच विचारली जाते, म्हणून आपली इच्छा, मग ती ‘हो’ असो वा ‘नाही’, घरात आजच बोलून ठेवा.