तिहाई, बाई आणि फी

डान्स क्लासच्या बहुतेक रीलची सुरुवात लोगोने होते, पाठोपाठ ‘नमस्कार मित्रांनो’ येतं. तोवर बघणाऱ्याचा अंगठा पुढे सरकलेला असतो. खरं तर नाच शिकवणाऱ्याकडे याहून चांगली सुरुवात तयारच असते.

समजा, डोंबिवलीत कथकचा क्लास आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा द्रुत लयीत, म्हणजे मिनिटाला २४० मात्रांच्या गतीने, चार सेकंदांत संपतात. तेवढ्यात एक तिहाई बसते. एकच बोल तीनदा येतो आणि शेवटचा ‘धा’ समेवर पडतो. पहिल्या फ्रेमपासून फक्त बाईंचे घुंगरू बांधलेले पाय दाखवा. तालाचं ज्ञान नसलेल्यालाही तिसऱ्या फेरीला कळतं, की आता काहीतरी पूर्ण होणार, आणि तो थांबतो. समेवर कट करून बाईंचा चेहरा दाखवा. दम लागलेला असेल तर लागू दे, तोच खरा वाटतो.

आता बाई बोलतील: “मी कथक विशारद. बारा वर्षं शिकवतेय. सहा वर्षांपासूनच्या मुलींना आणि मुलांनाही.” एवढं म्हणायला पाच-सहा सेकंद लागतात. नाव पडद्यावर लिहा, ते बोलण्यात वेळ घालवू नका. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा ठाऊक असलेल्या पालकांना ‘विशारद’ एवढं पुरतं. पुरस्कारांची यादी इथे नको.

लगेच फी: “आठवड्यातून दोन दिवस, महिना बाराशे रुपये. परीक्षेची फी आणि घुंगरू वेगळे.” आकडा अर्थात तुमचा. ‘फीसाठी मेसेज करा’ हे मला अजिबात पटत नाही. पालक मेसेज करत नाहीत, फी जास्तच असणार असं धरून चालतात. मात्र वेगळा खर्च त्याच वाक्यात सांगा, नाहीतर पहिल्या महिन्यातच कुरबूर सुरू होते.

कित्येक जण आवाज बंद ठेवून बघतात. म्हणून पहिल्याच फ्रेमवर ‘कथक, डोंबिवली पूर्व’ असं लिहा आणि पुढे फीही अक्षरांत दाखवा. मजकूर पडद्याच्या मध्यावर हवा, कारण खाली अकाउंटचं नाव आणि कॅप्शन येतं, उजवीकडे बटणं असतात. व्यवसायाच्या अकाउंटला बरीच चालू गाणी वापरता येत नाहीत. इथे स्वतःचा तबला असल्याने ती अडचणच उरत नाही.

रील टाकल्यावर इन्साइट्समध्ये लोक कुठे गळाले, ते बघा. तिहाई संपण्याआधीच गळाले असतील, तर चित्रण बदला, पाय अधिक जवळून घ्या. फीच्या वाक्यावर गळाले तर काही बदलू नका, ते प्रवेशाला येणारच नव्हते. एक ध्यानात ठेवा: कॅप्शन नंतर दुरुस्त करता येतं, व्हिडिओवर लिहिलेली फी नाही. फी वाढवली की जुनी रील काढून नवी टाकावी लागते.