तेहरानचा निकाल इंग्रजीत नेताना

इराणमधल्या दिवाणी न्यायालयाचा निकाल फारसीत असतो. त्याला ‘दादनामे’ म्हणतात. बहुतेकदा तो एक-दोन पानांचाच असतो. पण त्याचा इंग्रजी अनुवाद जेव्हा दुसऱ्या देशातल्या न्यायाधीशापुढे ठेवला जातो, तेव्हा त्यातला एखादा शब्द घसरला तरी जिंकलेला पक्षकार हरू शकतो. हे नेमके कसे होते, ते एका काल्पनिक पण अगदी नेहमीच्या धर्तीच्या निकालावरून पाहू.

तेहरानच्या एका कापड व्यापाऱ्याने उधारीवर माल दिला. खरेदीदाराने २,४०,००,००,००० रियाल, म्हणजे दोन अब्ज चाळीस कोटी रियाल देणे असल्याचा कागद लिहून सही केली. पैसे आले नाहीत. व्यापाऱ्याने दावा लावला आणि जिंकला. दरम्यान खरेदीदार मुंबईत येऊन राहिला आणि त्याची मालमत्ताही इथेच आहे. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली काही देशांच्या निकालांची इथे थेट अंमलबजावणी होते, पण त्या देशांत इराण नाही. त्यामुळे व्यापाऱ्याला इराणी निकालाच्या आधारे इथे नवा दावा लावावा लागतो. त्या वेळी न्यायालय कलम १३ उघडून काही प्रश्न विचारते. तो निकाल गुणदोषांवर दिला आहे का? प्रतिवादीला म्हणणे मांडायची संधी मिळाली होती का? याची उत्तरे न्यायाधीश शोधणार ती इंग्रजी अनुवादातच, कारण मूळ फारसी त्यांना वाचता येत नाही. हे दोन प्रश्न डोळ्यांसमोर ठेवूनच हा अनुवाद करायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

निकालाच्या माथ्यावर न्यायालयाची शाखा, प्रकरण क्रमांक, निकाल क्रमांक आणि तारीख असते. लांबलचक क्रमांक एकही अंक न वगळता उतरवायचे, एवढेच. तारखेकडे मात्र नीट पाहावे लागते. आपल्या निकालावर १४०२/१२/१५ अशी तारीख आहे, म्हणजे इराणी सौर वर्ष १४०२, बारावा महिना एस्फंद, दिवस १५. इराणी वर्षात ६२१ मिळवले की इसवी सन मिळतो, या ढोबळ हिशेबाने अनेक जण इथे २०२३ लिहून मोकळे होतात. पण इराणी वर्ष मार्चमध्ये वसंतसंपाताला सुरू होते. त्यामुळे दहाव्या महिन्यात इसवी सन बदललेला असतो आणि बारावा महिना पुढच्या वर्षाच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतो. म्हणून ही तारीख ५ मार्च २०२४ आहे. परदेशी निकालावर आधारलेला दावा लावायला आपल्या मुदत कायद्याप्रमाणे निकालापासून तीन वर्षे मिळतात. अनुवादात २०२३ पडले तर त्यातले एक वर्ष कागदावरच संपते. चांगला अनुवादक दोन्ही तारखा लिहितो. आधी मूळ इराणी, तिच्याशेजारी इसवी.

त्यानंतर पक्षकार येतात. दावा लावणारा तो ‘खाहान’, ज्याच्यावर लावला तो ‘खांदे’ आणि जे मागितले ते ‘खास्ते’. भारतात वापरायच्या अनुवादात पहिल्या दोघांना ‘प्लेंटिफ’ आणि ‘डिफेंडंट’ म्हणावे. इंग्लंडमध्ये १९९९ पासून दिवाणी दाव्यात ‘प्लेंटिफ’ जाऊन ‘क्लेमंट’ आला आहे, तेव्हा कागद लंडनला जाणार असेल तर तिथला शब्द घ्यावा. ‘खास्ते’ म्हणजे दाव्यातली मागणी. इराणमध्ये या ओळीला वजन आहे, कारण न्यायालय एरवी मागितले त्याच्याबाहेर जाऊन देत नाही. म्हणून मूळ रक्कम, न्यायालयीन खर्च, वकिलाची फी आणि उशिराची भरपाई अशा चार बाबी तिथे असतील तर चारही वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. प्रत्येक नावापुढे ‘अमक्याचा मुलगा’ असे वडिलांचे नाव येते. ते वगळू नये, कारण मुंबईतला माणूस तोच आहे हे त्यावरूनही दाखवता येते.

प्रकरण अपिलात गेले की नावे बदलतात. अपील करणारा ‘तज्दीद-नज़र-खाह’ आणि समोरचा ‘तज्दीद-नज़र-खांदे’ होतो. इथे हरलेला प्रतिवादीच पहिला ठरतो, पण मूळ वादी कोण होता हे अपिलाच्या निकालात प्रत्येक ठिकाणी सांगितलेले नसते. ‘अपेलंट’ आणि ‘रिस्पॉन्डंट’ एवढेच लिहिले तर वाचणारा गोंधळतो. पहिल्यांदा नाव येईल तिथे चौकटी कंसात ‘मूळ प्रतिवादी’ अशी अनुवादकाची टीप द्यावी. ती टीप आपली आहे, न्यायालयाची नाही, हे कंसावरून कळले म्हणजे झाले.

खरी कसोटी कारणमीमांसेत लागते. इराणी न्यायाधीश ती एका दमात लिहितात आणि बरेचदा आख्खा परिच्छेद म्हणजे एकच वाक्य असते. फारसीतही मराठीसारखे क्रियापद शेवटी येते, त्यामुळे आपल्या भाषेत तो मजकूर जवळपास जसाच्या तसा बसतो. आपल्या निकालात तो साधारण असा असेल: “वादीने प्रतिवादीविरुद्ध अमुक रकमेच्या मागणीसाठी लावलेल्या दाव्याबाबत, दाव्याचा अर्ज व जोडलेला सहीचा कागद पाहता, सदर कागदाविरुद्ध कोणतीही हरकत न आल्याने, त्याची मूळ प्रत वादीच्या हाती असणे हे देणे शिल्लक असल्याचे दर्शवीत असल्याने, प्रतिवादीने आपल्या लेखी निवेदनात पैसे फेडल्याचे म्हटले असले तरी त्याचा पुरावा दिला नसल्याने, न्यायालय दावा रास्त ठरवून दिवाणी कार्यपद्धती कायद्याच्या कलम १९८, ५१५, ५१९ व ५२२ अन्वये प्रतिवादीने रक्कम द्यावी असा हुकूम देते.”

इंग्रजीत हे एकाच वाक्यात ठेवले तर वाचणारा कर्ता शोधत राहतो. वाक्य तोडावेच लागते, पण तोडताना मूळचे धागे तुटता कामा नयेत. प्रत्येक ‘नज़र बे इन्के’, म्हणजे ‘असे असल्याने’, हे एक स्वतंत्र कारण आहे. मी अशी कारणे मोजून घेते आणि अनुवादातही तेवढीच आहेत का ते पाहते. इथे ती तीन आहेत: कागदावर हरकत नाही, मूळ प्रत वादीकडे आहे, फेडीचा पुरावा नाही. ही ठरावीक भाषा समजून ‘कागदपत्रे पाहून’ अशा दोन शब्दांत कोणी गुंडाळली, तर मुंबईच्या न्यायाधीशाला वाटेल की तिथे पुरावा तपासलाच नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये इंटरनॅशनल वूलन मिल्स प्रकरणात सांगितले आहे की, पुरावा न पाहता, केवळ प्रतिवादी आला नाही म्हणून दिलेला परदेशी निकाल गुणदोषांवरचा मानता येत नाही. तेव्हा ही तीन कारणे म्हणजेच निकालाचा जीव आहे.

त्यातले कलम १९८ अनुवादात नुसत्या आकड्यासारखे दिसते. त्याचा आशय असा की, एखाद्यावर हक्क किंवा देणे एकदा सिद्ध झाले की उलट सिद्ध होईपर्यंत ते कायम आहे असेच धरायचे. मूळ प्रत वादीकडे असण्याला वजन का, हे यातून उलगडते. अनुवादकाने निकालाच्या अंगात कलमांचा अर्थ घालू नये. तो तळटीपेत, ‘अनुवादकाची टीप’ म्हणून द्यावा.

काही शब्दप्रयोग शब्दशः उतरवले की बिघडतात. कागद ‘मसून अज़ तअर्रोज़’ राहिला, याचा शब्दार्थ ‘हल्ल्यापासून सुरक्षित’ असा होतो. न्यायालयाला म्हणायचे असते की त्याच्या खरेपणाला कुणी आव्हान दिले नाही. त्याहून घातक शब्द शेवटच्या आदेशात येतो, तो म्हणजे ‘महकूमियत’. फौजदारी खटल्यात तो दोषसिद्धीसाठी वापरतात. शब्दकोश उघडून ‘कन्व्हिक्शन’ लिहिले की कापडाची उधारी थकवलेला माणूस इंग्रजीत गुन्हेगार होऊन बसतो. दिवाणी निकालात त्याचा अर्थ फक्त ‘प्रतिवादीने अमुक रक्कम द्यावी असा आदेश’ एवढाच आहे.

आता रक्कम. इराणी माणूस व्यवहारात तोमान म्हणतो, न्यायालय रियाल लिहिते, आणि दहा रियालांचा एक तोमान होतो. आपल्या प्रकरणात पक्षकार ‘चोवीस कोटी’ म्हणाला आणि निकालात दोनशे चाळीस कोटी दिसले, तर दोन्ही बरोबर आहेत. अनुवादात रियालच ठेवायचे, रुपयांत हिशेब करून द्यायचा नाही. उशिराच्या भरपाईला कलम ५२२ चा आधार आहे. ती मध्यवर्ती बँकेच्या महागाई निर्देशांकानुसार, पैसे हाती पडेपर्यंत मोजली जाते. निकालात दर साल दर शेकडा असा दर नसतो. तिला ‘इंटरेस्ट’ म्हटले की इथला वकील व्याजाचा दर शोधू लागतो आणि समोरचा दर नाही म्हणून हरकत घेतो. ‘उशिरा फेडीची भरपाई’ असेच म्हणावे आणि निर्देशांकाचा उल्लेख मुळात असेल तसा ठेवावा.

इराणी न्यायालयाचा निर्णय दोन प्रकारचा असतो: ‘होक्म’ आणि ‘करार’. दाव्याच्या गाभ्याचा पूर्ण किंवा काही अंशी फैसला करणारा तो होक्म, बाकी सगळे करार. मराठी वाचकाला दोन्ही शब्द ओळखीचे वाटतील, पण इथल्या ‘करार’चा कंत्राटाशी संबंध नाही. वादी हरतो तेव्हा हा भेद बोचतो. दाव्यात तथ्य नाही असा होक्म झाला तर तोच वाद पुन्हा लावता येत नाही. दावा या स्वरूपात ऐकता येत नाही असा करार झाला तर दोष दूर करून पुन्हा येता येते. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘डिसमिस्ड’ लिहिले की दार बंद झाले की उघडे आहे, हेच कळत नाही. पहिल्यात ‘गुणदोषांवर फेटाळला’ आणि दुसऱ्यात ‘ऐकण्यास नकार’ हे शब्दांत यायलाच हवे.

शेवटच्या ओळीत निकाल ‘होज़ूरी’ आहे की ‘गियाबी’ ते लिहिलेले असते. होज़ूरी म्हणजे शब्दशः हजेरीत दिलेला. पण आपला प्रतिवादी एकाही तारखेला आला नव्हता. त्याने लेखी निवेदन दिले होते, आणि इराणी कायद्यात निकाल होज़ूरी ठरायला तेवढे पुरते. ‘प्रतिवादीच्या उपस्थितीत’ असा अनुवाद केला तर तो इथे शपथेवर सांगेल की मी तिथे गेलोच नव्हतो, आणि अनुवादच खोटा ठरेल. ‘उभय पक्षांना ऐकून’ या अर्थाचा ‘इंटर पार्टीझ’ हा न्यायालयीन शब्द इथे बसतो.

त्याच ओळीत अपिलाची मुदतही असते. निकाल बजावल्यापासून २० दिवस, आणि परदेशात राहणाऱ्याला दोन महिने. ही मुदत संपली की नाही, हे या कागदावरून कळत नाही, कारण तो निकालाच्या दिवसाचा आहे. म्हणून ‘फायनल’ हा शब्द अनुवादकाने स्वतःहून घालू नये. निकाल अंतिम झाल्याचा वेगळा दाखला, ‘गवाही-ए-कत्ईयत’, तेहरानच्या न्यायालयाकडून घ्यावा लागतो. त्याचाही तसाच अनुवाद होऊन तो निकालाला जोडला जातो.