पोहे, भाकरी, पिठलं आणि मधुमेह

टाइप २ मधुमेहाचं निदान झालं की घरात पहिली कुऱ्हाड कोसळते ती भातावर, मग पोह्यांवर. चार दिवस ओट्स शिजतात आणि पाचव्या दिवशी सगळं पूर्ववत होतं. त्यापेक्षा रोजचेच पदार्थ ठेवून त्यांचं प्रमाण बदललं, तर ते वर्षानुवर्षं टिकतं.

पन्नाशीतल्या, बैठं काम करणाऱ्या एखाद्या गृहस्थांची न्याहारी घ्या. भरलेल्या डिशला सुमारे ६० ग्रॅम कोरडे पोहे लागतात आणि त्यात जवळपास ४५ ग्रॅम कर्बोदकं असतात. वर शेव, शिवाय साखरेचा चहा. पोहे ३० ग्रॅमच घेतले आणि उरलेली जागा फरसबी, कोबी, मोड आलेली मटकी यांनी भरली, तर पोट तितकंच भरतं. चोथा आणि प्रथिनं वाढल्यामुळे साखरही सावकाश चढते. चहा बिनसाखरेचा. शेव मात्र गेली!

दुपारी दोन पातळ फुलके, वाटीभर उसळ, पालेभाजी, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि ताक. भात हवाच असेल तर एक फुलका कमी करून लहान वाटीभर घ्यावा, त्यावर घट्ट वरण. जेवायला बसल्यावर कोशिंबीर आणि उसळ आधी खाऊन फुलक्याकडे नंतर वळलं, तर जेवणानंतरची साखर कमी उसळते.

रात्री पिठलं-भाकरी. इथे एक गैरसमज हमखास आडवा येतो: ज्वारीची भाकरी कितीही चालते. भाकरीत चोथा चांगला असतो, हे खरं. पण ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे ४० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे ३० ग्रॅमच्या दोन फुलक्यांइतकीच. त्यामुळे भाकरी एकच, पिठलं बेताच्या तेलातलं आणि सोबत मेथीची भाजी भरपूर. उपवासाच्या साबुदाण्याची गत याहून वाईट. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो.

कोणाला किती झेपतं, हे घरचा ग्लुकोमीटर सांगतो. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा साखर मोजावी. दुसरा आकडा बहुतेकांसाठी १८० च्या आत असावा; वयस्कर किंवा इतर आजार असलेल्यांचं लक्ष्य डॉक्टर वेगळं ठरवतात. पोह्यांनंतर आकडा वारंवार २२० दाखवत असेल, तर पोहे आणखी कमी करून पाहावेत.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर कर्बोदकं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलून डोस तपासून घ्यावा लागतो. नाहीतर साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी उसळी-डाळींचं प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावं.