पेयजल शुद्धीकरण, प्रवासातील
पेयजल शुद्धीकरण, प्रवासातील : गिर्यारोहण, पदभ्रमण किंवा दूरचा प्रवास यांत झरा, ओढा, टाके, विहीर इत्यादींचे पाणी पिण्यापूर्वी त्यातील रोगकारक जीवांचा नाश करण्याच्या किंवा ते काढून टाकण्याच्या सुटसुटीत पद्धती. उकळणे, रासायनिक गोळ्या वापरणे व सुवाह्य गाळणीतून गाळणे या तीन पद्धती मुख्य आहेत. त्यांपैकी प्रत्येकीची मर्यादा निराळी असून ती पाण्यातील जीवांच्या आकारमानावर व चिवटपणावर अवलंबून असते.

पाण्यातून पसरणारे रोगकारक जीव सर्वसाधारणपणे तीन गटांत मोडतात. पटकी, विषमज्वर व काही प्रकारची हगवण यांचे सूक्ष्मजंतू सु. अर्धा ते काही मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिलिमीटरचा हजारावा भाग) आकारमानाचे असतात. जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम यांसारखे आदिजीव त्यांहून मोठे, म्हणजे ४ ते १२ मायक्रॉन असतात. परंतु पाण्यात ते जाड कवचाच्या पुटीच्या रूपात असल्याने रसायनांना सहज दाद देत नाहीत. संसर्गजन्य काविळीचे व्हायरस मायक्रॉनच्या शतांशाच्या श्रेणीतील, म्हणजे अत्यंत सूक्ष्म असतात. मोठा जीव गाळणीत अडकतो पण रसायनाला जुमानत नाही, तर लहान जीव रसायनाने मरतो पण गाळणीतून निसटतो. पद्धतींची निवड करताना हा विरोध ध्यानात ठेवावा लागतो.

उकळणे : तिन्ही गटांतील जीव एकाच क्रियेने नष्ट करणारी ही सर्वांत खात्रीची पद्धत होय. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर ते १ मिनिट तसेच उकळत ठेवणे पुरेसे असते. भांड्याच्या तळाशी प्रथम दिसणारे बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात. ते उकळीचे लक्षण नव्हे. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीबरोबर पाण्याचा उकळबिंदू दर ३०० मी.ला सु. १° से.ने उतरतो व ४,००० मी. उंचीवर तो सु. ८७° से. असतो. तेथे भात नीट शिजत नाही, म्हणून जंतूही मरत नसावेत असा समज आढळतो. तो बरोबर नाही. दुधाच्या पाश्चरीकरणात ६३° से. तापमान अर्धा तास किंवा ७२° से. तापमान १५ सेकंद पुरेसे ठरते. तथापि काही व्हायरस उष्णतेला अधिक टिकाव धरीत असल्याने २,००० मी.च्या वर पाणी ३ मिनिटे उकळावे.

या पद्धतीतील खरी अडचण इंधनाची आहे. १ लि. पाणी १०° से.पासून १००° से.पर्यंत तापविण्यास ९० किलोकॅलरी उष्णता लागते. स्टोव्हची निम्मी उष्णता वाया जाते असे धरल्यास त्यासाठी सु. २० ग्रॅ. रॉकेल जळते. चार माणसांच्या १२ लि. पाण्यास एका दिवसात सु. २४० ग्रॅ. रॉकेल खर्ची पडेल. वाऱ्यात त्याहून अधिक. शिवाय उकळलेल्या पाण्यात जंतुनाशक काहीच शिल्लक राहत नसल्याने ते त्याच भांड्यात झाकून निववावे. त्यात हात किंवा ओला पेला बुडविल्यास ते पुन्हा दूषित होते.

गोळ्या : पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, डेकिन व डनहॅम यांनी हॅलाझोन हे क्लोरीनयुक्त संयुग सैनिकांच्या पाण्यासाठी सुचविले. त्याची बाटली एकदा उघडली की गोळ्यांची शक्ती लवकर कमी होई. पुढे त्याची जागा मुख्यत्वे सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेटाने घेतली. याची ८·५ मिग्रॅ.ची गोळी १ लि. पाण्यात सु. ५ मिग्रॅ. क्लोरीन देते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनेही क्लोरीनच्या गोळ्या विकसित केल्या असून त्यांतील अर्ध्या ग्रॅमची गोळी २० लि. पाण्यासाठी असते. ती १ लि.च्या बाटलीत टाकल्यास मात्रा वीसपट होते. म्हणून वेष्टनावरील पाण्याचे परिमाण प्रथम वाचावे.

गोळी विरघळल्यावर बाटलीचे झाकण किंचित सैल करून थोडे पाणी आट्यांवरून वाहू द्यावे, कारण ओठ लागतात त्या भागावर अशुद्ध पाणी राहिलेले असते. नंतर ३० मिनिटे थांबावे. पाणी १०° से.हून थंड असल्यास ही मुदत निदान दुप्पट करावी. मुदतीनंतर क्लोरीनचा मंद वास यावयास हवा. तो न आल्यास पाण्यातील गाळाने किंवा सेंद्रिय द्रव्याने क्लोरीन शोषून घेतला असे समजून तीच मात्रा पुन्हा द्यावी. चव सुधारण्यासाठी लिंबू किंवा सरबताची पूड आधीच घातल्यास तीतील क जीवनसत्त्व क्लोरीन निष्प्रभ करते. म्हणून ती मुदत संपल्यावरच घालावी. आयोडिनाच्या गोळ्यांनाही हाच नियम लागू पडतो. त्या गर्भवती स्त्रिया व अवटू ग्रंथीचे रोगी यांनी वापरू नयेत.

क्रिप्टोस्पोरिडियमच्या पुटींवर या मात्रेतील क्लोरीन वा आयोडीन यांचा परिणाम होत नाही. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये गाळण यंत्रणेतून गढूळपणा नीट निघाला नाही आणि क्लोरीन दिलेले नळाचे पाणी पिऊन सु. ४ लाख लोक आजारी पडले. क्लोरीन डायऑक्साइडाच्या गोळ्या या पुटी मारतात, पण त्यांस ४ तासांपर्यंत अवधी लागतो.

गाळण्या : दुपदरी फडक्याने नारूचा वाहक असलेला सायक्लॉप्स अडतो, सूक्ष्मजंतू मात्र आरपार जातात. त्यांच्यासाठी सच्छिद्र मातीची कँडल किंवा पोकळ तंतूंचे पटल वापरतात. पटलाची छिद्रे ०·१ ते ०·२ मायक्रॉन असल्याने सूक्ष्मजंतू व पुटी दोन्ही अडतात, व्हायरस निसटतात. किंबहुना व्हायरसांचा शोध असाच लागला : तंबाखूच्या रोगट पानांचा रस शँबरलँड कँडलमधून गाळल्यावरही संसर्गकारक राहतो, असे इव्हानोव्हस्की यांना १८९२ मध्ये आढळले.

धार हळूहळू मंदावणे हे छिद्रे बुजल्याचे लक्षण असून गाळणी स्वच्छ केल्यावर ती पूर्ववत होते. धार एकाएकी वाढल्यास कँडलला तडा गेला असे समजून ती टाकून द्यावी. ओले पोकळ तंतू गोठल्यास फाटतात व हा दोष बाहेरून दिसत नाही. म्हणून हिमप्रदेशात रात्री गाळणी झोपण्याच्या पिशवीत ठेवतात.

पद्धतींची जोड : सह्याद्रीतील एखाद्या गडावर कातळात खोदलेल्या टाक्यातील पाणी उन्हाळ्यात गढूळ झालेले असते. असे पाणी काठापासून दूर, पृष्ठाखालून घ्यावे व फडक्याने गाळावे. त्यात तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवून तासभर स्थिर ठेवावे, वरचे निवळ पाणी अलगद ओतून गाळणीतून काढावे आणि शेवटी गोळी टाकून अर्धा तास थांबावे. गाळणीने पुटी निघतात व उरलेले व्हायरस क्लोरीनने मरतात. हा क्रम उलटा केल्यास क्लोरीन गाळावरच खर्च होतो. इंधन मुबलक असल्यास निवळलेले पाणी उकळले तरी पुरते.

कीटकनाशके, जड धातू किंवा नील-हरित शैवलांची विषे या पद्धतींनी भरवशाने निघत नाहीत. उकळल्याने पाणी आटून त्यांचे प्रमाण उलट वाढू शकते. म्हणून हिरवी दाट साय धरलेले, कारखान्याच्या सांडपाण्याखालचे किंवा फवारणी केलेल्या शेतातून आलेले पाणी शुद्ध करण्याच्या खटपटीत न पडता दुसरा साठा शोधणे इष्ट असते.