शंभर व्होल्टचा कुकर, दोनशेतीस व्होल्टचं घर

जपानमध्ये नोकरीनिमित्त राहून परतणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सामानात हल्ली एक वस्तू हमखास असते, ती म्हणजे भाताचा इलेक्ट्रिक कुकर. भात सुरेख होतो आणि कितीतरी तास गरम राहतो. पुण्यात किंवा ठाण्यात आल्यावर मात्र तो कुठे आणि कसा लावायचा, हा प्रश्न पडतो. बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा मजकूर जपानीत असतो. फोनचा कॅमेरा त्यावर धरला की काही शब्द मराठीत किंवा इंग्रजीत उमटतात, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘सहाशे वॅट लिहिलंय, म्हणजे मिक्सरएवढाच आहे की. लाव!’

तो प्लग बसतोही. जपानी प्लगच्या दोन चपट्या पट्ट्या असतात आणि आपल्याकडच्या बऱ्याच एक्स्टेंशन बोर्डांची भोकं सगळ्या देशांचे प्लग घेतील अशीच केलेली असतात. ॲडॅप्टरसुद्धा लागत नाही. ॲडॅप्टर लावला तरी तो फक्त पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज तसंच राहतं.

जपानच्या घरांत वीज १०० व्होल्टची असते. तिथल्या नियमानुसार ती १०१ च्या आसपास, ६ व्होल्ट वर किंवा खाली राहिली पाहिजे. म्हणजे तिथला कुकर फार तर १०७ व्होल्टला सामोरा जाईल, एवढ्याच हिशेबाने बनवलेला असतो. आपल्याकडे २३० व्होल्ट.

‘सव्वादोन पट व्होल्टेज, म्हणजे सव्वादोन पट उष्णता’ असं वाटणं साहजिक आहे, पण हिशेब तसा चालत नाही. तवी तापवणाऱ्या तारेचा विरोध जवळजवळ ठरलेला असतो. व्होल्टेज २.३ पट झालं की तारेतून करंटही २.३ पट वाहतो. वॅट म्हणजे या दोघांचा गुणाकार, म्हणून वॅट वाढतात ते २.३ गुणिले २.३, म्हणजे सुमारे ५.३ पट. पट्टीवरचे ६०० वॅट आपल्या भिंतीवर जवळपास ३,२०० होतात. एवढ्या वॅटचा गीझर असतो. पट्टीवरचा ‘६०० वॅट’ हा आकडा खरा आहे, पण तो ‘१०० व्होल्ट’ या शेजारच्या आकड्याच्या भरवशावर खरा आहे. एकट्याने वाचला की तो फसवतो.

मग एमसीबी पडेल ना? भरवसा नाही. ३,२०० वॅटला करंट लागतो सुमारे १४ अँपिअर. कुकर स्वयंपाकघरातल्या मोठ्या सॉकेटला लावला आणि त्या लाइनवर १६ अँपिअरची एमसीबी असेल, तर तिच्या लेखी सगळं सुरळीत चाललेलं असतं. ६ अँपिअरची असेल तर ती पडेल, पण लगेच नाही. एवढ्या करंटला ती तापून पडायला काही सेकंद ते मिनिटभर घेते. एमसीबी भिंतीतल्या वायरची राखण करते, बाहेर ठेवलेल्या कुकरची नव्हे. तिच्या आधी बहुधा कुकरचंच काहीतरी जातं. बटणं आणि घड्याळ असलेल्या कुकरात इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि जास्तीचं व्होल्टेज आलं की स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवणारा एक छोटा भाग असतो. ‘फट्’ असा आवाज, जळका वास आणि काळा पडदा, हे त्याचं लक्षण. हा त्यातल्या त्यात बरा शेवट. एकाच खटक्याचा साधा कुकर मात्र मुकाट्याने तापत राहतो. पाणी उतू जातं, तळचा भात कोळसा होतो आणि १०० व्होल्टच्या हिशेबाने निवडलेली वायर गरम होऊन मऊ पडते.

भाषांतराचा गोंधळ होतो तो आकड्यांच्या शेजारच्या शब्दांत. जपानी माहितीपत्रकात ‘शोहि-देनऱ्योकु’ म्हणजे यंत्र किती वॅट ओढतं ते. त्याच शब्दाला शेवटी ‘ऱ्यो’ हे एक अक्षर जोडलं की अर्थ होतो एका वेळच्या भाताला एकूण किती वीज लागते, आणि ती वॅट-अवरमध्ये असते. फोन दोन्हींचं भाषांतर ‘वीज वापर’ असं करून मोकळा होतो. मग ‘वीज वापर १५०’ वाचून कुणी २०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर आणतो आणि ६०० वॅटचा कुकर जोडल्यावर तो तापून घुमायला लागतो. एकक पाहावं. नुसतं ‘डब्ल्यू’ असेल तर तोच आपला आकडा, त्यापुढे ‘एच’ असेल तर तो वीजबिलाच्या कामाचा.

दुसरा चकवा प्लगवर असतो. तिथे ‘१२५ व्होल्ट, १५ अँपिअर’ असं कोरलेलं दिसतं. ती प्लगची स्वतःची कमाल मर्यादा आहे, कुकरला काय हवं ते नव्हे. खरा आकडा कुकरच्या अंगावरच्या पट्टीतच असतो.

ट्रान्सफॉर्मर घ्यायचा ठरलं तरी एक खाच आहे. आपल्या बाजारात सहज मिळतात ते २३० चे ११० करणारे, कारण गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकेहून सामान आणणारं. ‘दहाच व्होल्टचा फरक’ म्हणून दुकानदार तोच पुढे करतो. पण आपली लाइनही २३० वर स्थिर नसते. रात्री ती २४५ झाली तर हा ट्रान्सफॉर्मर ११७ व्होल्ट देईल, आणि ६०० वॅटचा कुकर ८२० वॅटने तापेल. २३० ते १०० असा नेमका ट्रान्सफॉर्मर त्याच वेळी १०६ ते १०७ देईल, म्हणजे जपानच्या मर्यादेतच. तो मुद्दाम सांगून बनवून घ्यावा लागला तरी चालेल. ६०० वॅटला १,००० व्हीएचा घ्यावा, कारण भात शिजताना त्याला बराच वेळ कुकरचा पूर्ण भार पेलावा लागतो. कुकर जोडण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून त्याचं आउटपुट मीटरने तपासून घ्यावं. भार नसताना ते थोडं जास्त दिसतं, त्याची चिंता नको. प्रवासी दुकानांत मिळणारा, मुठीत मावणारा आणि तरीही ‘१,६०० वॅट’ म्हणवणारा कन्व्हर्टर मात्र कुकरला लावू नये. तो विजेची लाट कापून सरासरी कमी करतो, साध्या तापणाऱ्या तारेला ते चालतं, इलेक्ट्रॉनिक सर्किटला नाही. अस्सल १,००० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर लोखंड-तांब्यामुळे काही किलो भरतो, त्यामुळे हातात घेताच दोघांतला फरक कळतो.

पट्टीवरच्या ‘५०/६० हर्ट्झ’ची कुकरपुरती काळजी नको. जपानच्या पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झची वीज आहे, म्हणून तिथली बहुतेक यंत्रं दोन्हींवर चालतात. काही जुने मायक्रोवेव्ह मात्र एकाच आकड्याचे असतात. ६० चा असेल तर तो आणूच नये, कारण ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर ‘१०० ते २४०’ असा पट्टा छापलेला असतो, ते थेट लावता येतात.

इंडक्शनवर चालणारे महागडे कुकर १,२०० वॅटच्या आसपास असतात. त्यांना २,००० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो ओट्यावर कुकरपेक्षा जास्त जागा अडवतो, शिवाय गुणगुणतो. माझं मत विचाराल तर असा कुकर आणूच नये. तोक्योच्या अकिहाबारासारख्या बाजारात परदेशी गिऱ्हाइकांसाठी २२० व्होल्टचे कुकर वेगळ्या फळीवर मांडलेले असतात. त्यांना आपले २३० व्होल्ट दिले तर वॅट नऊ टक्केच वाढतात. फक्त खोक्यावर विसंबू नये. पैसे देण्याआधी कुकर उलटा करून बुडाची पट्टी पाहावी. व्होल्टचा आकडा तिथेही रोमन लिपीतच असतो, त्यासाठी फोन काढायची गरज पडत नाही.