आत टाका, बाहेर काढू नका

गृहनिर्माण संस्थेला मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा असतो. प्रत्येक सदनिकेची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, लागते. सचिव संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकतात आणि लोक तिथेच कागद पाठवू लागतात. त्या कागदावर नाव, वय, पत्ता, पॅन आणि घर कितीला घेतले तो आकडाही असतो. संध्याकाळपर्यंत कोणी कितीला घेतले, हे अख्ख्या इमारतीला कळलेले असते.

मग कोणीतरी सुचवतो, ‘गूगल ड्राइव्हवर फोल्डर करा आणि लिंक द्या.’ पण लोकांना त्यात फाइल टाकता यावी म्हणून संपादनाचा अधिकार द्यावा लागतो. तो दिला की प्रत्येकाला इतरांच्या फाइलीही दिसतात, आणि चुकून एखादी तिथून हलवलीही जाऊ शकते. उघडे कपाट दारात ठेवल्यासारखेच हे.

खरी गरज दानपेटीची आहे. फटीतून कोणीही आत टाकावे, किल्ली मात्र एकाकडेच असावी. ड्रॉपबॉक्समध्ये ही सोय ‘फाइल रिक्वेस्ट’ या नावाने आहे. कागद पाठवणाऱ्याचे स्वतःचे ड्रॉपबॉक्स खाते असण्याचीही गरज नाही.

समजा, संस्थेत 48 सदनिका आहेत. सचिवांनी संगणकावर ड्रॉपबॉक्स उघडून `File requests` मध्ये जावे आणि नवी विनंती तयार करावी. शीर्षक असे द्यावे की आजोबांनाही कळावे: ‘इंडेक्स टूची प्रत पाठवा’. खालच्या वर्णनात फाइलला नाव कसे द्यायचे ते लिहावे, उदाहरणार्थ ‘बी-304’. नंतर फाइली कोणत्या फोल्डरात जमा व्हाव्यात ते निवडायचे, आणि इथेच चूक होते. कमिटीतल्या चौघांशी आधीच शेअर केलेला फोल्डर निवडला, तर आलेला प्रत्येक कागद त्या चौघांनाही दिसतो. त्यामुळे नवा, कोणाशीही शेअर न केलेला फोल्डर घ्यावा.

लिंक ग्रुपवर टाकण्यापूर्वी एक मिनिटाची परीक्षा घ्यावी. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडून लिंक तिथे चिकटवावी. फक्त फाइल चढवण्याची जागा दिसली तर लिंक बरोबर आहे. फाइलींची यादी दिसली, तर आपण विनंतीची लिंक न घेता फोल्डरचीच लिंक उचलली आहे. विनंतीच्या पत्त्यात `dropbox.com/request/` असे असते, त्यावरूनही ती ओळखता येते.

जागेचा हिशेबही आधीच करावा, कारण आलेली प्रत्येक फाइल मागणाऱ्याच्या खात्यातली जागा खाते. ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यात 2 जीबी मिळते. इंडेक्स टूची प्रत 2 एमबीची धरली, तर 48 घरांचे मिळून शंभर एमबीही होत नाहीत. पण सचिवांनी उत्साहाने पूर्ण करारनामाच मागितला आणि प्रत्येक स्कॅन 50 एमबीचा निघाला, तर बेरीज 2,400 एमबीवर जाते. मग शेवटच्या काही घरांच्या फाइली चढतच नाहीत. म्हणून लागतो तेवढाच कागद मागावा.

या पेटीच्या दोन मर्यादा ओळखून राहावे. पहिली अशी, की टाकणाऱ्यालाही आत डोकावता येत नाही. बी-304 वाल्यांनी चुकून बायकोचा वैद्यकीय रिपोर्ट चढवला, तर तो त्यांना परत घेता येत नाही. सचिवांना फोन करून काढायला सांगावे लागते. दुसरी मर्यादा नावाची. चढवणारा आपले नाव स्वतः टाइप करतो, ते खरे आहे की नाही हे कोणी तपासत नाही. लिंक पुढे पाठवली गेली तर बाहेरचा माणूसही फाइल टाकू शकतो. त्यामुळे सदनिकांची यादी समोर ठेवून आलेल्या कागदावर खूण करावी, आणि पीडीएफ किंवा फोटो नसलेली अनोळखी फाइल उघडूच नये.

मुदतीची तारीख लावण्याची सोय पैसे भरून घेतलेल्या काही योजनांतच मिळते. फुकट खाते असेल तर 48 वी खूण झाली की विनंती स्वतः बंद करावी. त्यानंतर त्या लिंकवरून कोणाला काही टाकता येत नाही.

मात्र लिंक बंद केल्याने जमलेले कागद पुसले जात नाहीत. अर्ज दाखल होऊन काम संपले, की तो फोल्डर पुसायची जबाबदारी सचिवांचीच. आणि फुकट खात्यात पुसलेली फाइल 30 दिवस परत आणता येते, तेव्हा पुसलेल्या फाइलींच्या यादीत जाऊन तिथूनही ती कायमची काढावी. शेजाऱ्यांचे पॅन आणि घराच्या किमती सांभाळायला दिल्या होत्या, ठेवून घ्यायला नव्हे.